खडा हलत नाही, म्हणजे अंगठी सुरक्षित आहे असे नाही

२०२५ साली सोन्याच्या दराने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि तेव्हापासून अंगठ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी बरोबरीने घडताना दिसतात. नवी अंगठी घेणारे कमी वजनाची घडण मागतात, आणि ज्यांच्याकडे साखरपुड्याची किंवा आईकडून आलेली जुनी अंगठी आहे ते ती मोडण्याऐवजी दुरुस्त करून वापरण्याचा विचार करतात. पहिल्या प्रकारात खड्याला धरणारे सोने मुळातच बारीक असते आणि दुसऱ्या प्रकारात ते वर्षानुवर्षांच्या वापराने बारीक झालेले असते. दोन्हीकडे प्रश्न एकच उरतो, तो म्हणजे खडा अजून किती काळ जागेवर राहील. पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या दुकानात अंगठी नुसती पॉलिश करायला द्यावी आणि कारागिराने "याची टोके भरून घ्या", म्हणजे खड्याला धरणाऱ्या झिजलेल्या टोकांवर नवे सोने चढवून घ्या, असे सांगावे, हा अनुभव अनेकांना येतो. आणि खडा तर अजिबात हलत नाही, मग हा खर्च कशासाठी, अशी शंका मनात घेऊन बरेच जण अंगठी तशीच परत आणतात. ही शंका स्वाभाविक आहे, पण ती एका चुकीच्या समजुतीवर उभी आहे.

खडा नेमका कशाने धरलेला असतो

हिरा किंवा दुसरा पारदर्शक खडा अंगठीत बसवताना त्याच्या भोवती सोन्याच्या चार किंवा सहा बारीक दांड्या उभ्या केलेल्या असतात. त्यांना प्रॉंग म्हणतात. खडा चिकटवलेला नसतो आणि दाबूनही बसवलेला नसतो. प्रत्येक प्रॉंगच्या आतल्या बाजूला कारागीर एक बारीक खाच कापतो, त्या खाचेत खड्याची कड, म्हणजे त्याचा सर्वांत रुंद भाग, बसवतो, आणि मग प्रॉंगचे वरचे टोक खड्याच्या उतारावर दाबून त्याला गोलसर आकार देतो. खाचेचा खालचा ओठ खड्याला खाली जाऊ देत नाही आणि वरचा ओठ त्याला वर निसटू देत नाही.

हिशेब लहान आहे, पण समजून घेण्यासारखा आहे. अर्ध्या कॅरटचा गोल हिरा सुमारे पाच मिलिमीटर रुंद असतो. त्याला धरणारा प्रॉंग साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो आणि चांगला कारागीर खाच कापताना त्या जाडीचा जास्तीत जास्त अर्धा भाग काढतो, कारण त्याहून खोल खाच कापली तर प्रॉंग तिथेच कमकुवत होतो. म्हणजे नव्याकोऱ्या अंगठीतसुद्धा हिऱ्याला वरून अडवणारे सोने प्रत्येक टोकाला मिलिमीटरच्या काही दशांशांएवढेच असते. झीज होते ती नेमकी याच सोन्याची, कारण अंगठीचा सर्वांत उंच आणि सर्वांत उघडा भाग तोच असतो.

हिरा इतका कठीण, मग झिजते काय?

हिरा झिजत नाही. त्याला धरणारे सोने झिजते. खनिजांच्या काठिण्याच्या मोहस मापावर हिरा १० वर आहे, वाळूतला स्फटिक ७ वर आणि शुद्ध सोने अडीच ते तीनच्या दरम्यान आहे. १८ कॅरटच्या सोन्यात पंचवीस टक्के इतर धातू असल्यामुळे ते शुद्ध सोन्यापेक्षा कणखर असते, तरीही वाळूच्या कणापुढे ते मऊच ठरते. रस्त्यावरची आणि बांधकामांची धूळ, ओट्यावर घासणीबरोबर फिरणारी बारीक रेती, टेबलाचा दगडी पृष्ठभाग, गाडीच्या हँडलची रबरी मूठ, या सगळ्यांशी प्रॉंगच्या टोकांचा रोज संबंध येतो आणि प्रत्येक वेळी सोन्याचा न दिसणारा अंश निघून जातो.

पण सर्वांत वेगाने झीज होते ती शेजारच्या अंगठीमुळे. एकाच बोटात हिऱ्याची अंगठी आणि तिला लागून बारीक हिऱ्यांची दुसरी पट्टी घालण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. त्या पट्टीतले हिरे मुख्य अंगठीच्या बाजूच्या प्रॉंगवर दिवसभर घासत राहतात, आणि मोहस मापावर १० असलेला पदार्थ ३ च्या आसपासच्या पदार्थावर घासला जात असताना निकाल काय लागणार हे उघड आहे. अशा जोडीतल्या अंगठीचे बाजूचे दोन प्रॉंग अर्धे झालेले आणि उरलेले दोन जवळजवळ नवे, असे चित्र भिंगाखाली नेहमी दिसते.

ही झीज चपलेच्या टाचेसारखी असते, हे लक्षात ठेवले तर पुढचे बरेच काही सोपे होते. टाच सगळीकडून सारखी झिजत नाही. माणूस जसा चालतो त्या बाजूने ती झिजते आणि चपलेला वरून काहीही झालेले दिसत नाही. प्रॉंगही अंगठी घालणाऱ्याच्या हाताच्या सवयीप्रमाणे झिजतात, त्यामुळे एक प्रॉंग पाहून बाकीच्यांचा अंदाज करता येत नाही. प्रत्येक प्रॉंग स्वतंत्रपणे पाहावा लागतो.

"खडा घट्ट आहे, हलत नाही, मग कशाला दाखवायची?"

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू या.

प्रॉंगच्या अंगठीत दोन वेगवेगळे बिघाड होतात आणि लोक त्यांना एकच समजतात. पहिल्या बिघाडात प्रॉंगला धक्का बसतो, तो थोडा बाहेरच्या बाजूला वाकतो, आणि खाच व खड्याची कड यांच्यात फट पडते. खडा हलू लागतो, वाजतो, फिरतो. पण टोकावर सोने भरपूर असते, त्यामुळे हलणारा खडासुद्धा काही काळ आतच अडकून राहतो. कारागीर प्रॉंग पुन्हा दाबून घेतो आणि दहा-पंधरा मिनिटांत काम होते. हा बिघाड दिसतो, ऐकू येतो, आणि त्याची दुरुस्ती स्वस्त असते.

दुसऱ्या बिघाडात प्रॉंग वाकलेला नसतो, फक्त त्याचे टोक वरून झिजत गेलेले असते. खाच जशी होती तशीच असते, कड तिच्यात घट्ट बसलेली असते, त्यामुळे खडा मुळीच हलत नाही. खाचेचा वरचा ओठ मात्र आता कागदासारखा पातळ झालेला असतो. एके दिवशी दाराच्या कडीवर किंवा कपाटाच्या मुठीवर हात आपटतो, तो पातळ ओठ उलटतो किंवा तुटतो, आणि त्याच आठवड्यात, कधी त्याच क्षणी, खडा तिरका होऊन निघून जातो. या प्रकारात 'आधी सैल झाला, मग पडला' असा क्रम नसतो. सैल होण्याची पायरी जवळजवळ वगळलीच जाते.

म्हणून कानाजवळ अंगठी हलवून पाहणे ही चांगली सवय असली, तरी ती फक्त पहिला बिघाड पकडते. दुसरा पकडायचा असेल तर खड्याकडे न पाहता प्रॉंगकडे पाहावे लागते, आणि वर्षातून एकदा तपासणी करावी ती याचसाठी. ज्यांना वर्षानुवर्षे काही झाले नाही असा भरवसा वाटतो, त्यांच्याच अंगठीचा खडा हरवण्याची शक्यता जास्त असते, कारण झीज वर्षांनुसार साचत जाते.

चार प्रॉंगच्या अंगठीत ही जोखीम आणखी मोठी असते. १८८६ साली न्यूयॉर्कच्या टिफनी अँड कंपनीने सहा प्रॉंगवर उचललेल्या एकाच हिऱ्याची अंगठी बाजारात आणली आणि ती घडण आजही जगभर वापरली जाते. सहापैकी एक प्रॉंग गेला, तरी उरलेले पाच खड्याला सहसा धरून ठेवतात. चारपैकी एक गेला की खड्याची एक बाजू मोकळी होते. चार प्रॉंगमध्ये हिरा जास्त उघडा दिसतो, म्हणून अनेकांना तीच घडण आवडते, आणि त्यात गैर काही नाही. फक्त तिची तपासणी पुढे ढकलू नये.

घरी काय पाहावे

आधी अंगठी धुवावी. कोमट पाणी, भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ दाताचा ब्रश एवढे हिऱ्यासाठी पुरते. बेसिनमध्ये धुऊ नये, वाटीत धुवावी. खडा निघालाच तर तो वाटीत राहील. धुण्याचे कारण नुसती चकाकी नाही. खड्याच्या खाली वर्षभराचा साबण, क्रीम आणि पीठ सुकून बसलेले असते, आणि कधीकधी सैल खड्याला तेच धरून ठेवते. दुकानात यंत्रात साफ केल्यावर खडा हलायला लागला की "त्यांनीच सैल केला" असा आरोप होतो. प्रत्यक्षात तो आधीच सैल होता आणि मळ निघाल्यावर ते कळले.

मग दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, मागे पांढरा कागद धरून अंगठी बाजूने पाहावी. वरून पाहण्यापेक्षा बाजूने पाहणे इथे अधिक उपयोगाचे आहे. नव्या प्रॉंगचे टोक खड्याच्या कडेवरून वर येऊन मसुराच्या दाण्यासारखे फुगीर दिसते. झिजलेले टोक चपटे, टोकदार किंवा चमकत्या पत्र्यासारखे दिसते, आणि अगदी झिजलेले टोक खड्याच्या उतारात मिसळून गेल्यासारखे वाटते. बोटाचे नख खड्यावरून प्रॉंगवर सरकवले तर नव्या अंगठीत स्पष्ट उंचवटा लागतो. तो उंचवटा जवळजवळ लागतच नसेल तर सोने संपत आले आहे. एक प्रॉंग बाकीच्यांपेक्षा आखूड दिसणे ही तर अगदी स्पष्ट खूण आहे.

प्रॉंग आणि खडा यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर पहिला बिघाड सुरू झाला आहे. तसेच खड्याचा वरचा सपाट भाग अंगठीच्या माथ्याशी समांतर नसेल, एका बाजूला कललेला असेल, तर एखादा प्रॉंग सरकला आहे. लाकडी टूथपिकने खड्याला कडेवरून अगदी हलका रेटा द्यावा. तो थोडाही हलला किंवा जागेवर फिरला, तर अंगठी त्याच वेळी बोटातून काढून झाकणाच्या डबीत ठेवावी आणि दुकानात नेईपर्यंत घालू नये. सुईने किंवा पक्कडीने घरी प्रॉंग दाबण्याचा प्रयत्न करू नये. एक प्रॉंग दाबताना रेटा खड्याच्या कडेवर येतो आणि हिरा कठीण असला तरी पातळ कडेवर त्याचा टवका उडू शकतो.

कपड्याचा धागा अडकणे ही सर्वांना माहीत असलेली खूण आहे आणि पुण्यात तर ती लवकर कळते, कारण दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधताना आणि सोडताना तो रोज हातावरून जातो. अंगठीत रोज त्याच ठिकाणी धागा अडकत असेल, तर टोक उचललेले आहे किंवा झिजून त्याला आकड्यासारखी धार आली आहे. मात्र याचा उलटा अर्थ काढू नये. वरून सपाट झिजलेला प्रॉंग गुळगुळीत असतो, त्याला काहीच अडकत नाही, म्हणून धागा अडकत नाही हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही.

या सगळ्यात एक सवय मला विशेष उपयोगाची वाटते. दरवर्षी अंगठीचा बाजूने, जवळून, चारही दिशांनी फोटो काढून ठेवावा. झीज इतकी सावकाश होते की रोज पाहणाऱ्या डोळ्याला ती कळत नाही. तीन वर्षांपूर्वीचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवला की लगेच कळते.

दुकानात काय तपासतात, आणि कधी जावे

घरची पाहणी दुकानातल्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. कारागीर अंगठी साफ करून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली प्रत्येक प्रॉंग बाजूने पाहतो, बारीक चिमट्याने खड्याची कड धरून तो फिरतो का ते पाहतो, आणि प्रॉंगच्या बुडाशी तडा गेला आहे का तेही पाहतो. हा तडा घरी दिसत नाही. विशेषतः पांढऱ्या सोन्याच्या अंगठीत, पोहण्याच्या तलावातल्या किंवा ब्लीचमधल्या क्लोरीनमुळे मिश्रधातूला सूक्ष्म भेगा पडू शकतात, आणि टोक चांगले असूनही प्रॉंग बुडातून तुटू शकतो. पोहायला जाताना अंगठी काढून ठेवावी ती यासाठीही.

रोज घालायच्या अंगठीसाठी वर्षातून एकदा, आणि शेजारी हिऱ्यांची पट्टी घालत असल्यास सहा महिन्यांनी एकदा दाखवणे योग्य. फक्त लग्नाकार्याला घालायच्या अंगठीची झीज नगण्य असते; तिला दोन-तीन वर्षांनी दाखवली तरी चालते, पण लांबच्या प्रवासाआधी जरूर पाहून घ्यावी. वेळेबाबत एक सूचना आहे. पाडवा, अक्षय्य तृतीया किंवा धनत्रयोदशीच्या आसपास दुकानात उभे राहायला जागा नसते आणि भिंगाखाली शांतपणे पाहायला कोणालाही फुरसत नसते. पितृपंधरवड्यात लोक सोन्याची खरेदी टाळतात, त्यामुळे दुकानातली वर्दळ तेव्हा कमी असते. तपासणी ही खरेदी नव्हे. त्या पंधरवड्यात दरवर्षी अंगठी दाखवायची असे ठरवून टाकले, तर तारीखही लक्षात राहते आणि दुरुस्ती निघालीच तर ती दसरा-दिवाळीच्या आधी होते.

टोक भरणे म्हणजे नेमके काय करतात

झिजलेल्या प्रॉंगवर नवे सोने चढवून त्याला पुन्हा टोक करण्याच्या कामाला रिटिपिंग म्हणतात. आपण त्याला टोक भरणे म्हणू. चपलेला नवी टाच लावण्यासारखेच हे काम आहे: वरचा भाग तोच राहतो, झिजलेल्या जागी तेवढी भर घातली जाते.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, १८ कॅरट पिवळ्या सोन्याची, चार प्रॉंगची, अर्ध्या कॅरटच्या हिऱ्याची साखरपुड्याची अंगठी आहे. ती बारा वर्षे रोज वापरली आहे आणि गेली पाच वर्षे तिच्या शेजारी हिऱ्यांची पट्टी आहे. हिरा हलत नाही. भिंगाखाली असे दिसते की पट्टीच्या बाजूच्या दोन प्रॉंगचे टोक पत्र्यासारखे पातळ झाले आहे, तिसऱ्याचे अर्धे उरले आहे, आणि चौथा ठीक आहे. बुडाशी कोणत्याही प्रॉंगला तडा नाही. इथे टोक भरणे हाच योग्य उपाय आहे. तिसऱ्या प्रॉंगचे कामही त्याच वेळी करावे, कारण दोन वर्षांनी तोही त्याच अवस्थेला येईल आणि अंगठी पुन्हा आगीजवळ न्यावी लागेल. चौथ्याला हात लावण्याची गरज नाही.

कारागीर अंगठी पूर्ण साफ करतो, कारण मळ राहिला तर तो तापून खड्यावर डाग पाडतो आणि जोडही धरत नाही. मग झिजलेले टोक कानशीने घासून स्वच्छ, सपाट करतो. हिरा जागेवरच ठेवायचा असेल तर संपूर्ण अंगठी बोरिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात बुडवून ते अल्कोहोल जाळून टाकतो; त्यामुळे हिऱ्यावर पांढरा पातळ थर बसतो आणि हवेतला प्राणवायू त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हा थर आवश्यक आहे. हिरा म्हणजे कार्बन, आणि जोडासाठी वितळवायचा मिश्रधातू, म्हणजे सोन्याचा डाख, वितळण्याचे तापमान साधारण ६०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. या पट्ट्याच्या वरच्या टोकाला उघड्या हवेत हिऱ्याचा पृष्ठभाग जळून दुधी होऊ शकतो. तसे झाले तर हिरा पुन्हा घासून पॉलिश करावा लागतो आणि वजन थोडे घटते.

यानंतर त्याच कॅरटच्या सोन्याचा छोटा मणी किंवा तारेचा तुकडा टोकावर ठेवून डाखाने जोडतात. इथे एक फरक ग्राहकाने विचारून घ्यावा. काही ठिकाणी नुसता डाखच वितळवून त्याचा थेंब टोकावर बसवतात. तो दिसायला सारखाच दिसतो, पण डाखात सोन्याचे प्रमाण आणि घट्टपणा कमी असल्यामुळे त्यात बारीक छिद्रे राहू शकतात आणि तो लवकर झिजतो. टोक सोन्याचे असावे, डाख फक्त जोडापुरता असावा.

जोड झाल्यावर अंगठी आपोआप गार होऊ देतात. तापलेला खडा पाण्यात बुडवला तर तडकू शकतो, त्यामुळे घाई करणाऱ्या हातात हे काम देऊ नये. गार झाल्यावर नवे सोने खड्याच्या उतारावर दाबून बसवतात, वाटीच्या आकाराच्या बारीक अवजाराने त्याला गोल घुमट देतात, कडा मऊ करतात आणि शेवटी पॉलिश करतात. पांढऱ्या सोन्याची अंगठी असेल तर ऱ्होडियमचा मुलामा पुन्हा द्यावा लागतो. मात्र मुलामा हा रंगासाठी असतो, त्याने टोक जाड होत नाही. झिजलेल्या प्रॉंगवर नुसता मुलामा देऊन अंगठी नवी दिसू लागली, तरी खड्याची पकड होती तेवढीच असते.

बऱ्याच ठिकाणी आता हेच काम लेझर वेल्डिंगने होते. लेझरचा ठिपका मिलिमीटरच्या काही दशांशांएवढाच असतो, त्यामुळे उष्णता टोकापुरती राहते आणि अंगठी हातात धरूनही काम करता येते. त्याची मजुरी सहसा जास्त असते, पण शेजारी नाजूक खडे असतील तर ती देण्यासारखी आहे.

हिरा नसेल तर

पुण्यात पुष्कराज, पाचू, माणिक, पोवळे यांच्या अंगठ्या कमी नाहीत, आणि खडा बोटाला टेकावा म्हणून त्या खालून उघड्या घडवलेल्या असतात. त्यातल्या अनेक २२ कॅरटच्या असतात. हे सोने अधिक मऊ असल्याने प्रॉंग लवकर वाकतात. या खड्यांच्या बाबतीत दुरुस्तीची पद्धत खड्यावरून ठरते. पाचूमध्ये नैसर्गिक भेगा असतात आणि त्यात बहुधा तेल भरलेले असते. ज्योतीच्या उष्णतेने ते तेल निघून जाते आणि भेग उघडी पडते किंवा वाढते. म्हणून पाचू, पोवळे, मोती आणि ओपल ज्योतीजवळ न्यायचे नसतात. ते काढून काम करायचे किंवा लेझर वापरायचा. पाचू साफ करण्यासाठी कंपनांचे यंत्रही टाळावे.

माणिक आणि नीलम उष्णता चांगली सहन करतात, पण जोडासाठी वापरला जाणारा टाकणखार आणि हिऱ्याला वाचवणारे बोरिक आम्ल हेच पदार्थ तापल्यावर त्यांचा पृष्ठभाग खातात. शिवाय आज विकल्या जाणाऱ्या स्वस्त माणकांपैकी अनेकांच्या भेगांत काच भरलेली असते आणि ती ज्योतीत टिकत नाही. तेव्हा खडा कोणता आहे, त्यावर काही प्रक्रिया झालेली आहे का, हे माहीत असल्यास आधी सांगावे आणि प्रमाणपत्र असल्यास बरोबर न्यावे.

"अंगठी सोडून आलो आणि खडाच बदलला तर?"

ही भीती खरी आहे आणि ती मनात ठेवण्यापेक्षा काउंटरवर बोलून मोकळे व्हावे. चांगल्या दुकानात तिचा कोणी राग मानत नाही. प्रमाणपत्र असलेल्या अनेक हिऱ्यांच्या कडेवर प्रमाणपत्राचा क्रमांक लेझरने कोरलेला असतो. अंगठी देताना आणि घेताना तो भिंगाखाली दाखवायला सांगावे. क्रमांक प्रॉंगखाली दडलेला असू शकतो, तेव्हा हिऱ्यातल्या एखाद्या ठळक डागाची जागा पाहून ठेवावी. पावतीवर अंगठीचे एकूण वजन, खड्याचे वर्णन, किती प्रॉंगचे काम करायचे आणि हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, लिहून घ्यावा. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल काही सांगत नाही, पण अंगठी हीच होती एवढे एचयूआयडीवरून पक्के होते.

वजनाचाही उपयोग होतो. चार टोकांना मिळून चढणारे सोने पाव ग्रॅमही नसते, त्यामुळे परत मिळालेल्या अंगठीचे वजन आधीच्या वजनाच्या अगदी जवळ असायला हवे. यावरून हेही कळते की या कामात द्यायचा पैसा सोन्याचा नसून मजुरीचा आहे. सोन्याचा दर वाढला म्हणून टोक भरण्याचा खर्च त्याच पटीत वाढला, असे कोणी सांगितले तर हिशेब विचारावा.

टोक भरून भागत नाही तेव्हा

या दुरुस्तीला मर्यादा आहे. टोक भरल्याने खाचेचा वरचा ओठ परत मिळतो. खाचेचा खालचा ओठ किंवा प्रॉंगची दांडी परत मिळत नाही. झीज खड्याच्या कडेच्या खाली उतरली असेल, दांडीच बाजूने अर्धी झाली असेल, किंवा बुडाशी तडा असेल, तर वर कितीही चांगले टोक बसवले तरी ते कमकुवत दांडीवर उभे राहील. अशा वेळी तो प्रॉंग पूर्ण बदलावा लागतो, आणि दोन-तीन प्रॉंगची तीच अवस्था असेल तर प्रॉंगसह खड्याची पूर्ण बैठकच बदलणे शहाणपणाचे ठरते. बैठक बदलताना खडा काढावाच लागतो, त्यामुळे त्या वेळी कडेला टवका गेला आहे का तेही पाहून घेता येते. कडेला टवका असेल आणि तो नेमका प्रॉंगखाली येत असेल, तर खडा वारंवार सैल होत राहतो. त्याला थोडा फिरवून, टवका नसलेली कड प्रॉंगखाली आणून बसवावे लागते.

तसेच एकच प्रॉंग दर काही महिन्यांनी सैल होत असेल आणि दर वेळी तो नुसता दाबून दिला जात असेल, तर तिथेच थांबायला सांगावे. सोने पुन्हा पुन्हा वाकवले की ते ताठर आणि ठिसूळ होते आणि शेवटी वाकण्याऐवजी तुटते. दुसऱ्यांदा सैल झालेला प्रॉंग तिसऱ्यांदा दाबून न घेता, तो का सरकतो आहे हे भिंगाखाली दाखवायला सांगावे: खाच मोठी कापली गेली आहे, दांडी बारीक झाली आहे, की शेजारची अंगठी त्याला ढकलते आहे. शेवटचे कारण असेल तर ती पट्टी दुसऱ्या बोटात घालणे, किंवा दोन्ही अंगठ्या एकमेकींवर घासणार नाहीत अशा रीतीने जोडून घेणे, हा टोक भरण्याइतकाच आवश्यक उपाय आहे.